घोटा मुरगळला: पट्टी किती दिवस, पाऊल कधी?

१९ ऑक्टोबर २०२३. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना सुरू होता. हार्दिक पंड्यानं स्वतःच्याच गोलंदाजीवर लिटन दासचा सरळ फटका पायानं अडवायला पाहिलं आणि त्याचा डावा घोटा वळला. जागेवरच उपचार घेऊन त्यानं पुन्हा उभं राहून बघितलं, पण जमेना. ओव्हरचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले. सुरुवातीला सांगितलं गेलं की तो पुढच्या सामन्यासाठी धरमशालेला जाणार नाही, थेट लखनौला संघात येईल. ४ नोव्हेंबरला मात्र तो स्पर्धेबाहेर गेल्याचं जाहीर झालं. तेव्हा बऱ्याच घरांत एकच प्रश्न विचारला गेला: नुसता पाय मुरगळला तर एवढे दिवस कसे लागतात? आमचा पाय तर चार दिवसांत बरा होतो!

खरं तर आपलाही होत नसतो. चार दिवसांत दुखणं कमी होतं, आपण चपला घालून बाहेर पडतो आणि दोन महिन्यांनी त्याच पायावर पुन्हा लचकतो. मग "माझा हा पाय जरा कच्चाच आहे" असं वर्षानुवर्षं सांगत राहतो. पाय कच्चा जन्माला आलेला नसतो. बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत त्याच्याशी आपण कसे वागलो, तिथे त्याचं मूळ असतं. म्हणून हा लेख त्या दिवसांपुरता: घरी, दवाखान्यात आणि मेडिकलच्या दुकानात काय करायचं आणि का.

## आत नेमकं काय तुटतं?

घोट्याच्या सांध्यात तीन हाडं येतात. नडगीचं हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड ही दोन्ही मिळून वरून एक खाच तयार करतात आणि त्या खाचेत पावलाचं एक हाड बसतं. बाहेरून जो गोल उंचवटा हाताला लागतो, ते बारीक हाडाचं खालचं टोक. हाडाला हाड बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. बाहेरच्या बाजूला असे तीन पट्टे आहेत. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि दणकट असतो, त्यामुळे पाय बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळतो आणि मार बाहेरच्या बाजूला बसतो.

जिना उतरताना किंवा गडावरून खाली येतानाच पाय जास्त का मुरगळतो, याचं कारण हाडाच्या आकारात आहे. खाचेत बसणारं पावलाचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर ओढलेलं असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. बोटं खाली झुकली, म्हणजे आपण खालच्या पायरीकडे पाऊल टाकलं, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. त्या क्षणी सांध्याला धरून ठेवण्याचं काम मुख्यतः बाहेरच्या तीन पट्ट्यांतल्या पुढच्या पट्ट्यावर येतं, आणि तिघांत तोच सगळ्यात कमजोर. पायरी चुकली, दगड हलला, पाऊल आत वळलं की आधी तो जातो.

पट्टा नुसता ताणला गेला असेल तर डॉक्टर त्याला पहिली श्रेणी म्हणतात, अर्धवट फाटला असेल तर दुसरी आणि पूर्ण तुटला असेल तर तिसरी. पडताना 'कट्' असा आवाज आला म्हणजे हाडच मोडलं, असं नाही. लिगामेंट तुटतानाही तसा आवाज येतो.

## आधी ठरवायचं: हाड की लिगामेंट?

पट्टी, बर्फ, व्यायाम हे सगळं नंतर. आधी या एका प्रश्नाचं उत्तर हवं, आणि ते बऱ्यापैकी तुम्हाला स्वतःलाच तपासता येतं.

पूर्वी मुरगळलेला घोटा घेऊन इस्पितळात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे काढत. प्रत्यक्षात शंभरात पंधराहून कमी लोकांचं हाड मोडलेलं निघे. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काही सोपे नियम तयार केले. ते आज जगभर वापरले जातात आणि ओटावाचे नियम म्हणूनच ओळखले जातात.

घोट्याच्या भागात दुखत असेल तर दोन गोष्टी बघायच्या. पहिली: हाडावर बोट दाबल्यावर दुखतं का? कुठेही दाबायचं नाही. बाहेरच्या उंचवट्याचं टोक आणि तिथून वर चार बोटांपर्यंत त्याची मागची कड. आतल्या उंचवट्याचंही तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर जो हाडाचा खडबडीत उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर, घोट्याच्या जरा पुढे असलेलं हाड. मागची कड मुद्दाम सांगितली आहे. उंचवट्याच्या पुढे आणि खाली लिगामेंट असतं, तिथे तर दुखणारच.

दुसरी गोष्ट: चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील, पण दोन्ही पायांवर भार आलेला हवा. लागल्यावर लगेच टाकता आली नाहीत आणि नंतर तपासतानाही येत नसतील, किंवा वर सांगितलेल्या चारांपैकी एका जागी हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. दोन्ही नसेल तर महत्त्वाचं फ्रॅक्चर सुटून जाण्याची शक्यता फारच कमी असते.

हे नियम सगळ्यांना लागू पडत नाहीत. लहान मुलांत हाडाची वाढ होण्याची जागा लिगामेंटपेक्षा नाजूक असते, त्यामुळे मूल असेल तर डॉक्टरांकडे नेलेलंच बरं. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला दाबून दुखलंच नाही, यावर विश्वास ठेवता येत नाही. दारू प्यायलेल्यालाही तेच. आणि साठी ओलांडलेल्या आईचा पाय मुरगळला असेल तर मी तरी एक्स-रेच्या खर्चाचा विचार करणार नाही; हाडं ठिसूळ असतात.

पाऊल वेड्यावाकड्या कोनात दिसत असेल, गार आणि पांढरं पडलं असेल, बोटं बधिर झाली असतील किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर पुढचं वाचत न बसता इस्पितळ गाठा. पोटरीच्या मागे टाचेच्या वर कुणीतरी काठी मारल्यासारखं वाटलं असेल आणि चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर घोटा नव्हे, टाचेची शीर तुटलेली असू शकते. तिला वेगळे उपचार लागतात.

## पट्टी: बांधतात सगळे, नीट बांधतात थोडे

लिगामेंट फाटलं की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. रक्त आणि पाणी आजूबाजूला साचतं, ती सूज. सूज हा बरं होण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. साफसफाई करणाऱ्या पेशी त्याच वाटेनं येतात. पण ती फार झाली की सांधा हलेनासा होतो आणि पोटरीच्या बाहेरच्या कडेचे, पाऊल सावरणारे स्नायू जणू बंद पडतात. सांध्यात पाणी भरलं की मेंदू त्या स्नायूंना कमी आदेश देतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज आटोक्यात ठेवायची, आणि त्यासाठी दाब द्यायचा. दाबामुळे लिगामेंट लवकर जुळतं, असा भक्कम पुरावा नाही. पण सूज आवरते, पायाला आधार वाटतो आणि माणूस लवकर हालचाल करायला धजावतो, एवढं पुरेसं आहे.

मेडिकलमधून चार इंची, म्हणजे दहा सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज आणा. खुर्चीवर बसून पाय समोर ठेवा आणि पाऊल नडगीशी काटकोनात आणा. बोटं खाली झुकलेली असताना बांधलं तर सांधा त्याच सैल अवस्थेत बांधला जातो, ज्या अवस्थेत तो मुरगळला होता. बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, बोटं उघडी ठेवायची. पावलावर दोन वेढे झाले की पट्टी तिरकी वर घोट्यामागे न्यायची आणि परत पावलाखाली आणायची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. तळव्याखालून जाताना ती आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे जाऊ द्या आणि बाहेरून वर ओढा, म्हणजे पावलाची बाहेरची कड उचललेली राहते. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर यायला हवा. टाच उघडी सोडू नका. उघड्या जागेत सूज जाऊन बसते. घोट्याच्या वर हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर थांबा.

ताण किती द्यायचा? पट्टी पूर्ण ताणली तर जितकी लांबते, त्याच्या निम्म्यानंच ताणायची. बोटांकडे जरा घट्ट, वर जाताना जरा सैल. उलटं झालं तर वर आवळल्यामुळे पाऊलच सुजतं. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या, ठणका वाढला, तर लगेच सोडून सैल बांधा.

एक खुबी फिजिओथेरपिस्ट करतात आणि घरी क्वचित कुणी करतं. उंचवट्याच्या भोवतीचा भाग खोलगट असतो. पट्टी उंचवट्यावर टेकते आणि सूज जिथे साचते ती खोलगट जागा मोकळीच राहते. म्हणून जुना मऊ मोजा किंवा कापसाची घडी घोड्याच्या नालेसारखी करून, उघडी बाजू वर ठेवून, उंचवट्याभोवती बसवा आणि तिच्यावरून पट्टी बांधा. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो.

पट्टी दिवसभरात सैल होते, त्यामुळे दोन-तीनदा सोडून नव्यानं बांधायची. रात्री झोपताना काढून ठेवायची. दिवसा बसलेले असाल तेव्हा पाय छातीच्या पातळीच्या वर हवा. मोढ्यावर ठेवलेला पाय वर नसतो. गादीवर आडवं होऊन खाली दोन-तीन उशा घेतल्या तर तो वर जातो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेपाशी आणि बोटांपर्यंत काळं-निळं दिसू लागलं की लोक घाबरतात, "आता हे पसरायला लागलं." ते पहिल्या दिवशीचंच रक्त असतं, वजनानं खाली उतरलेलं.

## बर्फ लावायचा की नाही?

१९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'राइस' हे सूत्र रूढ केलं. तीन पिढ्यांच्या खेळाडूंनी ते पाठ केलं. पुढे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. त्याआधी, २०१२ मध्ये, क्रीडावैद्यकातल्या काही संशोधकांनी विश्रांतीच्या जागी 'योग्य तेवढा भार' असा शब्द सुचवला होता. या लेखाचा गाभाही तोच आहे.

मग फ्रीजमधला बर्फ फेकायचा का? नाही. बर्फानं दुखणं कमी होतं, हे खरं आहे. लिगामेंट लवकर जुळत नाही, हेही खरं. तेव्हा तो वेदना कमी करण्यापुरता वापरावा: ओल्या फडक्यात गुंडाळून, दहा ते पंधरा मिनिटं, मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवून, पहिले एक-दोन दिवस. उघड्या कातडीवर थेट बर्फ नको, त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. मधुमेहींनी संवेदना कमी असेल तर बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉलनं भागत असेल तर उत्तम. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, मध्ये किमान चार ते सहा तास आणि दिवसात चार ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर त्याहून बरीच कमी, डॉक्टरांना विचारून. डायक्लोफिनॅकचं जेल हलक्या हातानं वरून लावलं तर मुरगळीत चांगला उपयोग होतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा, अल्सरचा त्रास असलेल्यांनी, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी किंवा गर्भवतींनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

## शेक, लेप, मालिश आणि हाडवैद्य

आपल्याकडे पाय मुरगळल्यावर पाच मिनिटांत घरात चार मतं होतात आणि त्यातलं एक हमखास गरम पाण्याच्या पिशवीचं असतं. पहिले दोन-तीन दिवस शेक नको. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तस्राव आणि सूज वाढते. याच काळात दारूही नको. कारण जवळपास तेच, आणि वर तोल जातो तो वेगळा.

आंबेहळदीचा किंवा हळद-तुरटीचा लेप कोमट लावला तर सहसा बिघडत काही नाही. मात्र उकळता लेप लावून वर पट्टी आवळली की फोड येतात, आणि मग मुरगळ बाजूला राहून फोडांवरच उपचार करावे लागतात. तेल लावून जोरात चोळणं पहिल्या तीन दिवसांत टाळावं. नुकत्या बंद होऊ लागलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा फुटतात.

हाडवैद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "शीर सरकली आहे, ओढून बसवतो" असं म्हणून तो पाय धरतो आणि एकच हिसका देतो. मुरगळीत जागेवरून काही सरकलेलं नसतं, त्यामुळे बसवायचंही काही नसतं. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटला हिसका मिळाला तर ते पूर्ण तुटू शकतं, आणि आत फ्रॅक्चर असेल तर हाड जागचं हलतं. हिसक्यानंतर काही वेळ बरं वाटतं, असं अनेक जण सांगतात. वाटत असेलही. दुसऱ्या दिवशीची सूज बघितली की हिशेब कळतो.

## विश्रांती किती, हालचाल कधीपासून?

पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पायाला खरंच आराम हवा. त्यानंतर आराम लांबवण्यात नुकसान आहे, आणि हे लोकांना सगळ्यात पटत नाही. फाटलेलं लिगामेंट हलवलं तर आणखी फाटणार नाही का?

साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर फाटलेल्या जागी नवे तंतू टाकायला लागतं. हे तंतू सुरुवातीला कसेही, सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पिंजलेल्या कापसासारखे. कापसाला ताकद नसते; पेळू धरून हलकेच ओढत पीळ दिला की त्याच तंतूंचं सूत होतं आणि ते तुटता तुटत नाही. लिगामेंटच्या तंतूंनाही ओढ मिळाली की ते ओढीच्या दिशेत ओळीनं बसतात. ओढच मिळाली नाही तर गाठ तयार होते, पण ती कमजोर आणि आखडलेली. जोरात ओढलं तर अर्थातच तुटतं. म्हणून प्रश्न किती आणि कोणत्या दिशेला, एवढाच आहे.

दिशा सोपी आहे. पाऊल वर-खाली हलवणं आणि सरळ चालणं यांत फाटलेल्या पट्ट्यावर फारसा ताण येत नाही. पाऊल आत वळवण्यात येतो. त्यामुळे वर-खाली आधी, आत-बाहेर नंतर. माप ठरवायला दोन खुणा पुरतात. हालचाल करताना दुखणं दहापैकी तीनच्या पुढे जायला नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या सकाळपेक्षा जास्त दिसायला नको. सूज वाढली तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक पायरी मागे यायचं, पूर्ण थांबायचं नाही.

एक उदाहरण दिवसवार बघू. ठाण्यातली बेचाळीस वर्षांची शिक्षिका धरा. जून महिना, शाळेचा ओला जिना, पायात सपाट चपला, शेवटची पायरी चुकली आणि उजवा पाय आत वळला. बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे अंड्याएवढी सूज. हाडाच्या मागच्या कडेवर दुखत नाही, लंगडत चार पावलं टाकता येतात. म्हणजे एक्स-रे लागत नाही, आणि बहुधा पुढचा पट्टा अर्धवट फाटलेला आहे.

पहिला दिवस आणि दुसरा दिवस: पट्टी, पाय उंच, दुखेल तेव्हा बर्फ. घरात बाथरूमपर्यंत चालायचं ते डाव्या हातात काठी घेऊन. हो, डाव्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असते, कारण चालताना तो हात आणि उजवा पाय एकत्र पुढे जातात आणि भार वाटला जातो. जिना चढावाच लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आडवं पडल्यापडल्या दर तासाला बोटं आणि पाऊल दुखणार नाही इतपत वर-खाली, दहा-पंधरा वेळा. यानं पोटरीतून रक्त परत वर ढकललं जातं आणि सूज उतरायला मदत होते.

तिसरा दिवस ते पाचवा: वर-खाली पूर्ण टप्प्यात. मग अंगठ्यानं हवेत 'अ, आ, इ, ई' काढायचं. बाराखडी पुरी करायची गरज नाही, पण 'ळ' आणि 'क्ष' काढताना घोटा कुठे अडतो ते लगेच समजतं. टॉवेल चवड्याखाली अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची आणि तीस सेकंद धरायचं, म्हणजे मागची पोटरी आखडत नाही. आता काठी घेऊन, पण टाच आधी टेकवून, नीट चालायचं. लंगडण्याची सवय दोन-तीन दिवसांतच लागते आणि मग गुडघा नि कंबर दुखायला लागतात. चार पावलं नीट टाकणं हे चाळीस पावलं लंगडण्यापेक्षा चांगलं.

याच काळात आपल्या घरांतल्या दोन गोष्टी सांभाळायला हव्यात, ज्या परदेशी पत्रकांत कुठेच लिहिलेल्या नसतात. मांडी घालून बसलं की पाऊल खाली झुकतं, आत वळतं आणि बाहेरचा उंचवटा जमिनीवर दाबला जातो. म्हणजे मुरगळताना होती जवळजवळ तीच अवस्था, आणि तीही अर्धा तास. या शिक्षिकेनं निदान दोन आठवडे जेवायला आणि वह्या तपासायला खुर्चीवर बसावं. दुसरं, भारतीय पद्धतीचं शौचालय. टाचा टेकून उकिडवं बसायला घोटा जितका वाकावा लागतो, तितका तो पहिल्या आठवड्यात वाकत नाही. भार मग चवड्यावर येतो आणि तोल जातो. कमोड नसेल तर मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती आणावी.

सहावा दिवस ते दहावा: काठी सुटलेली. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर यायचं, दहा-दहा वेळा. भिंतीला पाऊल आडवं लावून बाहेरच्या बाजूला दाबायचं आणि पाच सेकंद धरायचं, पाऊल न हलवता. यानं सावरणारे स्नायू जागे होतात. आणि दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, एक हात बेसिनच्या जवळ ठेवून. सुरुवातीला पाच सेकंदही जमत नाही. शाळेत जायला हरकत नाही, पण लेसचे बूट घालून. मागून टाच धरणारं काही हवं, चप्पल नको. बाजारात मिळणारा लेसचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला घोट्याचा ब्रेस या टप्प्यावर क्रेप बँडेजपेक्षा उपयोगी, कारण तो वर-खाली हलू देतो आणि आत वळण्यापासून अडवतो.

पाचव्या दिवशीही चार पावलं धड टाकता येत नसतील, किंवा दुखणं घोट्याच्या वर दोन हाडांच्या मधे असेल आणि पोटरी दोन्ही बाजूंनी दाबली की तिथेच कळ येत असेल, तर हा हिशेब लागू नाही. दुसरी मुरगळ असते ती दोन हाडांना बांधणाऱ्या वरच्या लिगामेंटची. ती बरी व्हायला बराच जास्त वेळ लागतो आणि ती डॉक्टरांनीच बघावी.

## "डॉक्टरांनी तर कच्चं प्लास्टर घातलंय!"

घातलं असेल तर ओरबाडून काढू नका. इंग्लंडमध्ये ज्यांना तीन दिवसांनीही पायावर भार देता येत नव्हता, अशा ५८४ लोकांवर एक मोठी चाचणी झाली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात गुडघ्याखालचं प्लास्टर फक्त दहा दिवस घातलेल्यांचं तीन महिन्यांनी, नुसती नळीसारखी लवचीक पट्टी घातलेल्यांपेक्षा बरं चाललं होतं. नऊ महिन्यांनी सगळे सारखेच होते. म्हणजे फार जोराच्या मुरगळीत थोड्या दिवसांच्या प्लास्टरला अर्थ आहे. दहा दिवसांचं प्लास्टर चार आठवडे राहिलं की मात्र पोटरी बारीक होते, सांधा आखडतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरांना एवढंच विचारा: काढायचं कोणत्या दिवशी, आणि काढल्यावर फिजिओकडे कधी जायचं?

"मग एमआरआय करून टाकू का?" असं लगेच विचारलं जातं. पहिल्या आठवड्यात सहसा गरज नसते. पट्टा अर्धा फाटला आहे की पूर्ण, हे कळलं तरी सुरुवातीचे उपचार बदलत नाहीत. पूर्ण तुटलेल्या बाहेरच्या पट्ट्यालाही बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. सहा आठवड्यांनंतरही सांध्यात आत खोल दुखत असेल, अडकल्यासारखं होत असेल किंवा पाय वारंवार दगा देत असेल, तेव्हा एमआरआयचा उपयोग आहे.

## दुखायचं थांबलं, तरी काम उरलेलं असतं

लिगामेंटमध्ये पट्ट्याबरोबरच संवेदना पोचवणारे बारीक मज्जातंतूही असतात. पाऊल कोणत्या कोनात आहे, हे तेच मेंदूला कळवतात. फाटल्यावर ही बातमी उशिरा पोचते. खड्ड्यात पाऊल पडलं तर सावरायला सेकंदाचा अगदी छोटा अंश मिळतो, आणि निरोप तेवढ्यात आला नाही की पाय पुन्हा वळतो. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो त्यामागे पट्टा सैल राहणं हे एक कारण आहे, आणि हा उशीर दुसरं. पट्टीनं तो दूर होत नाही. तोलाच्या व्यायामानं होतो.

नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात, घोटा मुरगळून बरे झालेल्यांपैकी निम्म्यांना घरच्या घरी करायचा आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम दिला. पुढच्या वर्षभरात त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. व्यायाम साधाच होता, एका पायावर उभं राहण्याचेच प्रकार.

आपल्या शिक्षिकेनं तिसऱ्या आठवड्यापासून हे करायचं: दुखऱ्या पायावर तीस सेकंद, मग डोळे मिटून, मग दुमडलेल्या उशीवर उभं राहून, मग उभ्या उभ्या कुणीतरी टाकलेला चेंडू झेलत. आठवड्यातून निदान तीनदा, दहा-दहा मिनिटं, आठ आठवडे. तिला पळायचं असेल, किंवा तिच्या जागी कबड्डी खेळणारा मुलगा असेल, तर आधी दोन्ही पाय सारखे झाले पाहिजेत. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजायचं. दोन पायांतला फरक बोटभराहून जास्त नको. एका पायावर उभं राहून टाच उचलणं दोन्हीकडे सारख्या वेळा जमायला हवं. एका पायावर पुढे आणि बाजूला उडी मारून न डगमगता थांबता आलं पाहिजे. मग आधी सरळ धावणं, नंतर वळणं, आणि शेवटी चढाई-पकड. सौम्य मुरगळीत हे दोन-तीन आठवड्यांत होतं, मधल्या प्रकारात सहा आठवडे धरून चालावं, पूर्ण तुटलेल्यात तीन महिने किंवा त्याहून जास्त.

मैदानात उतरताना ब्रेस पुढेही ठेवावा, निदान सहा महिने ते वर्षभर. ब्रेसनं पाय कमजोर होतो, अशी भीती अनेकांना वाटते; तोलाचा व्यायाम चालू असेल तर तसं होत नाही. घरात आणि सपाट रस्त्यावर रोज चालताना मात्र पहिल्या काही आठवड्यांनंतर त्याची गरज नसते.